स्क्रीनशॉट टाईप करताना इमोजी, टिका, स्टिकर कसे लिहायचे? (आणि त्या 17 जुलैचा घोळ)

भुसावळ_टायपिंग
नमस्कार मंडळी. माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. पूर्वी अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र एवढंच काम यायचं. आता दर आठवड्याला कोणीतरी मोबाईल पुढे करतं, "ताई, हे व्हॉट्सअ‍ॅपचं बोलणं कागदावर टाईप करून द्या, वकिलाकडे द्यायचंय". अक्षरं टाईप करायला काही नाही, पण मधेमधे 🙏 👍 असतं, टिका असतात, बाण असतात, एखादा स्टिकर असतो, त्याचं काय करायचं तेच कळत नाही. आत्तापर्यंत मी सरळ अर्थ लिहून मोकळी व्हायचे.

काल रावेरकडचा एक मुलगा आला होता. केळीच्या पैशांचं प्रकरण आहे. तिघांचा ग्रुप, वडील, मुलगा आणि व्यापारी. स्क्रीनशॉट मुलाच्या फोनवरचा. मी असं टाईप केलं :

दिनांक 21 जून
व्यापारी (7:41) : उद्या कापणी. गाडी 5 ला लागेल. ओके.
मुलगा (7:44) : बाकी कधी (मेसेज पोचला, वाचला नाही)
व्यापारी (7:52) : बाकी 17 जुलै, धन्यवाद
व्यापारी (7:53) : काळजी नको

मुलगा म्हणाला झकास झालं. पण मला रात्री झोप लागेना, हे असं चालतं का? जाणकारांनी सांगा.

केळी_आणि_कर्ज
ताई चालतंय की. अर्थ कळला म्हणजे झालं. आमच्या रावेर-सावद्याच्या ग्रुपवर तर 🍌🍌🍌 उद्या असं येतं, आम्हाला कळतं तीन गाड्या. बाकी जगात 🍌 चा काय अर्थ काढतात ते मला पोराने सांगितलं तेव्हा मी आठ दिवस ग्रुपवर केळं टाकलं नाही 😀

नंदुरबारची_मिरची
@केळी_आणि_कर्ज आमच्याकडे 🌶️ टाकलं की लोक भाव विचारतात, तुमचं तरी बरं.

मावशी_पाचोरा
स्टिकर कसे बनवायचे तेच मला पण विचारायचं होतं. कानबाईच्या फोटोचा स्टिकर करायचा आहे, मागचं बॅकग्राउंड काढून. कोणी सांगेल का

खिळेजुळारी
मी धुळ्याला एका छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, नंतर बरीच वर्षं मुद्रितं तपासली. आमचा एकच दंडक होता, मूळ प्रतीत नाही ते पानात येता कामा नये. त्या नजरेने तुमचा मजकूर वाचला आणि प्रत्येक ओळीपाशी अडलो. रागावू नका, एकेक विचारतो.

पहिल्या ओळीतलं "ओके" व्यापाऱ्याने लिहिलंय का? का 👍 होता आणि तुम्ही ओके केलंत? आणि 👍 असेल तर तो फुग्याच्या आत, मजकुराला लागून होता, का फुग्याच्या खालच्या कडेला चिकटलेला होता?

भुसावळ_टायपिंग
@खिळेजुळारी 👍 होता. आत्ता मोठं करून पाहिलं. खाली कडेला आहे, छोट्या गोल कप्प्यात. का हो, काही फरक पडतो का?

खिळेजुळारी
फार पडतो. आत असता तर तो व्यापाऱ्याच्या मेसेजचा भाग. कडेला लोंबतोय म्हणजे ती दुसऱ्या कोणाची तरी प्रतिक्रिया असायचीच जास्त शक्यता, मेसेज बोटाने दाबून धरला की जी ओळ वर येते त्यातली. स्क्रीनशॉटमध्ये ती कोणी दिली ते दिसत नाही. तुम्ही मात्र ती उचलून व्यापाऱ्याच्या तोंडी घातली.

भुसावळ_टायपिंग
अरे देवा. मुलाला फोन करून त्या 👍 वर टिचकी मारायला सांगितली. नाव आलं वडिलांचं! म्हणजे उद्या कापणी याला वडिलांनीच अंगठा दाखवलाय.

केळी_आणि_कर्ज
म्हणजे कापणीला हो बापाने म्हटलं आणि कागदावर व्यापाऱ्याच्या नावावर ओके. उद्या व्यापाऱ्याचा वकील हसला असता. मी माझा वरचा "चालतंय की" परत घेतो.

तापीकाठचा
टिकांबद्दल मी सांगतो, मला हे चांगलं माहीत आहे. दोन राखाडी टिका म्हणजे पोचला पण वाचला नाही असं नेहमी नसतं. व्यापारी हुशार असतात, ते सेटिंगमध्ये जाऊन निळी टिक बंद करून ठेवतात. मग वाचलं तरी राखाडीच राहते. पुरावा इथेच आहे बघा, 7:44 ला विचारलं आणि 7:52 ला उत्तर आलं, म्हणजे वाचल्याशिवाय उत्तर दिलं का? म्हणून ताई तिथे "वाचला, पण निळी टिक बंद केलेली" असं टाका.

दुरुस्ती_चोपडा
भाऊ अर्धं बरोबर, अर्धं नाही. ते निळी टिक बंद करायचं सेटिंग दोघांच्या चॅटला लागू होतं, ग्रुपला नाही. आणि ग्रुपमध्ये टिका निळ्या होतात त्या सगळ्यांनी वाचल्यावर. इथे तिघे आहेत, मुलाने पाठवलं, व्यापाऱ्याने वाचून उत्तर दिलं, वडिलांनी तोवर ग्रुप उघडला नसेल तर टिका राखाडीच राहणार. म्हणजे तुम्ही सांगितलं तसं टाकलं असतं तर व्यापाऱ्यावर उगाच एक आरोप छापला गेला असता.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, रोज हेच भांडण ऐकतो, "त्याने वाचून उत्तर दिलं नाही".

तापीकाठचा
ग्रुपला लागू नाही हे माहीत नव्हतं. पण व्यापाऱ्याने वाचलं हे तर खरं ना?

खिळेजुळारी
खरं असेल. ते वकील युक्तिवादात म्हणेल. टाईप करणाऱ्याने लिहायचं ते एवढंच : वेळेशेजारी दोन राखाडी टिका. रंग आणि संख्या.

आता माझा मुख्य प्रश्न. ताई, "17 जुलै" हे मेसेजात अक्षरांनी लिहिलंय का? 17 हा आकडा आणि जुलै हा शब्द, देवनागरीत किंवा इंग्रजीत?

भुसावळ_टायपिंग
नाही, चित्र आहे छोटं. कॅलेंडरचं. पण त्यावर स्पष्ट JUL 17 वाचता येतं की. मी अर्थ काढला नाही, जे वाचलं तेच लिहिलं. इथे तरी मी बरोबर आहे ना?

नंदुरबारची_मिरची
इथे मी ताईंच्या बाजूने. दिसतंय ते लिहा म्हणता आणि दिसलेलं लिहिलं तरी चूक?

भुसावळ_टायपिंग
थांबा थांबा, हे तर आणखीनच विचित्र झालं. मुलगा आत्ता वडिलांना घेऊन दुकानात आलाय. दोघांचं जोरात भांडण. वडील म्हणतात तो चोर फेब्रुवारीत पैसे देणार म्हणतोय, आठ महिने थांबायचं का. मुलगा म्हणतो बाबा डोळे तपासा, जुलै आहे. मी वडिलांचा फोन घेऊन पाहिला. तोच ग्रुप, तोच मेसेज, 7:52, आणि कॅलेंडरवर FEB 24!! मी स्वतः पाहिलं. एकाच मेसेजात दोन तारखा कशा?

तापीकाठचा
व्यापाऱ्याने मेसेज एडिट केला असणार. हल्ली पाठवल्यावर बदलता येतो.

केळी_आणि_कर्ज
नाहीतर वडिलांच्या फोनची तारीख मागे गेली असेल. माझ्या जुन्या फोनची बॅटरी काढली की तो थेट 1970 मध्ये जायचा.

दुरुस्ती_चोपडा
दोन्ही नाही. ताई, मुलाचा फोन आयफोन आणि वडिलांचा अँड्रॉईड आहे का?

भुसावळ_टायपिंग
हो!! कसं ओळखलं?

दुरुस्ती_चोपडा
ऐका मग. व्यापाऱ्याने तारीख पाठवलेलीच नाही. त्याने इमोजी पाठवला, आणि इमोजी म्हणजे फोनच्या दृष्टीने चित्र नसतं, अक्षरासारखा एक नंबर असतो. या कॅलेंडरचा नंबर U+1F4C5. फोनकडून फोनकडे जातो तो हा नंबर. तो आला की प्रत्येक फोन आपल्याकडचं चित्र तिथे लावतो. आयफोनच्या चित्रावर JUL 17 रंगवलेलं आहे, कारण अ‍ॅपलने आपलं आयकॅल नावाचं कॅलेंडर 17 जुलै 2002 ला जाहीर केलं होतं. 2014 पासून जागतिक इमोजी दिवस पण त्यामुळेच 17 जुलैला करतात. अँड्रॉईडवर व्हॉट्सअ‍ॅप स्वतःची चित्रं वापरतं आणि त्यांच्या कॅलेंडरवर FEB 24, कारण त्यांची कंपनी 24 फेब्रुवारी 2009 ला नोंदवली गेली. थोडक्यात बाप आणि पोरगा दोन कंपन्यांच्या वाढदिवसावरून भांडतायत.

एडिटचं म्हणाल तर बदललेल्या मेसेजवर वेळेशेजारी Edited असं येतं. ते आहे का तेवढं पाहून घ्या.

खात्री करायची तर एक करा. आत्ता मुलाला सांगा, ग्रुपवर नुसतं 📅 टाक. त्याच्याकडे जुलै दिसेल, बाबांकडे फेब्रुवारी.

भुसावळ_टायपिंग
केलं. दुकानातल्या दुकानात केलं. तस्संच झालं. Edited कुठेच नाही. वडील दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले "मंग तारीख कोनती?"

नंदुरबारची_मिरची
बाबांचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

खिळेजुळारी
@दुरुस्ती_चोपडा वा. मला चित्रातली अक्षरं संशयास्पद वाटत होती पण कारण माहीत नव्हतं, हे नवीन शिकलो.

@नंदुरबारची_मिरची तुमचा आक्षेप रास्त आहे. दिसतं ते लिहायचंच, पण ते जिथे दिसतं तिथलं म्हणून लिहायचं. JUL 17 हे चित्रावरचं आहे, वाक्यातलं नाही. "बाकी 17 जुलै" असं जुळवलं की दोन वेगळ्या खिळ्यांचा एक शब्द होतो. 💯 चं तसंच. "माल 💯" याचं "माल 100" केलं तर कोणी शंभर क्विंटल वाचेल.

केळी_आणि_कर्ज
ते मात्र खरं, आमच्याकडे माल 💯 म्हणजे माल एक नंबर. क्विंटलचा आकडा लोक आकड्यातच टाकतात, तिथे कोणी चित्रं काढत बसत नाही.

दुरुस्ती_चोपडा
@खिळेजुळारी इथे माझं जरा वेगळं मत. चित्रावरचं JUL 17 कागदावर आणूच नका. ते व्यापाऱ्याने लिहिलेलं नाही, मुलाच्या फोनने काढलेलं आहे. एकदा कागदावर आलं की वाचणारा तीच तारीख धरणार. "कॅलेंडरचा इमोजी" एवढंच पुरे.

खिळेजुळारी
आणि मूळ स्क्रीनशॉट शेजारी जोडलेला असेल, त्यात वाचणाऱ्याला JUL 17 दिसेल आणि टाईप केलेल्या पानात नसेल, तर तो म्हणेल टायपिस्टने तारीख खाल्ली. गाळणं पण एक प्रकारे घालणंच आहे.

अमळनेर_पायरी
मी वकिलाकडे कारकून आहे, मत सल्ला म्हणून घेऊ नका, फक्त आमच्याकडे कसं करतात ते सांगतो. दोन फोन असतील तर दोन वेगळी पानं. एका पानात दोन्ही फोनचं मिसळायचं नाही. वर लिहायचं कोणाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट. टाईप केलेला कागद हा फक्त वाचायच्या सोयीसाठी, खरा आधार मूळ फोन आणि त्यासोबतचं प्रमाणपत्र. पूर्वी ते 65 ब चं म्हणायचे, 1 जुलै 2024 पासून नवीन साक्ष अधिनियमात कलम 63 आहे. त्यामुळे JUL 17 लिहायचं की नाही यावर तुम्ही दोघे भांडा, पण लिहिलंत तर चित्रावर आहे असं स्पष्ट लिहा.

आणि ताई, ते "21 जून" कुठून आलं? स्क्रीनशॉटच्या मधोमध पट्टीत काय आहे?

भुसावळ_टायपिंग
😶 पट्टीत Today आहे. मी मुलाला तारीख विचारून टाकली.

अमळनेर_पायरी
मग Today च लिहा. तारीख मुलाने सांगितली असेल तर ती मुलाच्या म्हणण्यात जाईल, स्क्रीनशॉटच्या नक्कलेत नाही.

मावशी_पाचोरा
स्टिकरचं राहिलंच का?

खिळेजुळारी
हो मावशी, आपला वेगळा आणि ताईंचा वेगळा. ताई, "काळजी नको" हा स्टिकर होता का?

भुसावळ_टायपिंग
हो. फेटा बांधलेला मिशीवाला माणूस, एक हात वर केलेला, आणि खाली मोठ्या अक्षरात काळजी नको. यात तरी अक्षरं खरीच आहेत आणि दोन्ही फोनवर सारखीच दिसतात, पाहून घेतलं.

दुरुस्ती_चोपडा
सारखीच दिसणार. स्टिकर ही चित्राची फाईल असते, नंबर नाही. जशी पाठवली तशीच पोचते. इमोजीत आणि स्टिकरमध्ये हाच फरक.

खिळेजुळारी
म्हणून अक्षरं लिहा, पण चौकटी कंसात, स्टिकरवरची म्हणून. त्याने ती टाईप केलेली नाहीत, तयार चित्र निवडलंय. आणि वर्णन करताना "दिलासा देणारा माणूस" वगैरे नको. फेटा, मिशी, हात वर. चौकटी कंस यासाठी की गोल कंस लोक मेसेजात स्वतःच टाकतात, मग तुमचं कोणतं आणि त्यांचं कोणतं कळत नाही.

केळी_आणि_कर्ज
पण निवडला तर त्यानेच ना? काळजी नको म्हणजे देतो म्हटल्यासारखंच झालं. मला तर हा शब्द दिल्यासारखा वाटतो.

अमळनेर_पायरी
ते साहेबांनी ठरवायचं. आमच्या ऑफिसात यावरून दोन वकिलांची दोन मतं आहेत.

नंदुरबारची_मिरची
आणि 🙏 चं "धन्यवाद"? आपल्याकडे तो नमस्कारच असतो, त्यात काय शंका. आमच्या सोसायटीत पाणी येणार नाही 🙏, वर्गणी द्या 🙏, कोणी वारलं 🙏, सगळीकडे हात जोडलेलेच.

खिळेजुळारी
तुम्हीच उत्तर दिलंत. पाण्याला विनंती, वर्गणीला तगादा, मयताला श्रद्धांजली. "बाकी 📅 🙏" मधला हात आभाराचा, माफीचा का "आता पुरे" चा, सांगा बरं. "जोडलेले हात" लिहा.

तापीकाठचा
एक अडचण. ताई श्रीलिपीत टाईप करत असतील तर इमोजी येतच नाही, चौकोन येतो. मग?

भुसावळ_टायपिंग
हो ना, दुकानात अजून जुनेच फॉन्ट आहेत. आणि प्रिंटर काळा-पांढरा. 

दुरुस्ती_चोपडा
म्हणूनच शेजारी शब्दात वर्णन हवं. काळ्या-पांढऱ्या प्रिंटात लाल ❤️ आणि हिरवा 💚 सारखेच येतात, निळी टिक पण राखाडी होते. शक्यतो युनिकोड फॉन्टमध्ये टाईप करा, इमोजी ठेवा, आणि रंग शब्दात लिहा. बारीक चेहरा 😅 आहे का 😂 आहे कळत नसेल तर गिऱ्हाइकाला स्क्रीनशॉट डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप दाबून बारीक करतं. तरी कळलं नाही तर "पिवळा हसरा चेहरा, नेमका कोणता स्पष्ट नाही" इतकं लिहून सोडून द्या. मुलाच्या फोनवरून चॅट एक्स्पोर्ट केलं तर टेक्स्ट फाईलमध्ये इमोजी खरेच्या खरे मिळतात, ताडून बघायला बरं. पण त्या फाईलमध्ये टिका नसतात, आणि मीडियाशिवाय काढली तर स्टिकरच्या जागी नुसतं वगळलं असं येतं.

भुसावळ_टायपिंग
परत टाईप केलं, मुलाच्या फोनचं पान :

[मधोमध पट्टीत : Today]
रावेर शेठ, 7:41 : उद्या कापणी. गाडी 5 ला लागेल.
[फुग्याच्या खालच्या कडेला 👍 वर केलेला अंगठा; कोणाचा ते या चित्रात दिसत नाही]
[उजवीकडचा हिरवा फुगा, नाव नाही], 7:44 : बाकी कधी
[वेळेशेजारी दोन राखाडी टिका]
रावेर शेठ, 7:52 : बाकी 📅 🙏
[कॅलेंडरचा इमोजी, इमोजीच्या चित्रावर JUL 17, जोडलेल्या हातांचा इमोजी]
रावेर शेठ, 7:53 : [स्टिकर : फेटा बांधलेला मिशीवाला माणूस, एक हात वर, चित्रावर अक्षरं "काळजी नको"]

"व्यापारी" काढून "रावेर शेठ" केलं कारण मुलाने त्या नावाने नंबर सेव्ह केलाय आणि स्क्रीनवर तेच दिसतं. वडिलांच्या फोनचं पान वेगळं केलं, त्यात FEB 24, आणि तिथे त्यांनी नाव "केळी चोर" ठेवलंय. तेही तसंच टाईप करू का?

अमळनेर_पायरी
दिसतं तसंच. नाव आता बदलू नका म्हणावं, साहेब चिडतील.

केळी_आणि_कर्ज
😂 [पिवळा चेहरा, डोळ्यांतून पाणी, हसतोय का रडतोय ते केळीच्या भावावर]

खिळेजुळारी
JUL 17 ठेवलंत, बरं केलंत.

दुरुस्ती_चोपडा
माझा विरोध नोंदवून ठेवा 👎 [खाली केलेला अंगठा, फुग्याच्या आत].

भुसावळ_टायपिंग
शेवटचं अपडेट. वडिलांनी इथूनच व्यापाऱ्याला फोन लावला, तारीख कोणती म्हणून. तो म्हणाला "मी कुठं तारीख टाकली, तारीख कळवतो म्हणून कॅलेंडर टाकलं". वडिलांनी त्याला दुकानातूनच अहिराणीत जे ऐकवलं ते मी टाईप करणार नाही, ते स्क्रीनशॉटमध्ये नाहीये.

मावशी_पाचोरा
सगळं वाचलं. कानबाईच्या फोटोचं बॅकग्राउंड कसं काढायचं ते अजून कोणी सांगितलं नाही 🙏